चेहरा नहपानाचा, नाव गौतमीपुत्राचं

नाशिककडच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मध्यंतरी मला एका चांदीच्या नाण्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘गौतमीपुत्र सातकर्णीचं चित्र, दुर्मीळ!’ नाणं अस्सल वाटत होतं आणि गौतमीपुत्राचं नावही त्यावर होतं. पण ज्या नाकाहनुवटीवर ते खूश झाले होते, ती गौतमीपुत्राची नव्हती. ती त्याच्या शत्रूची होती.

ही चूक इतकी नेहमीची आहे, आणि इतकी साहजिकही, की ती समजून घेतली तर पश्चिम महाराष्ट्रातल्या चांदीच्या जुन्या नाण्यांचा निम्मा गुंता सुटतो. इथे दोन घराण्यांची नाणी एकमेकांत मिसळतात. एक पश्चिम क्षत्रप, म्हणजे शक. दुसरे सातवाहन. दोघांचीही नाणी चांदीची, नखाएवढी, सुमारे दोन ग्रॅमची. दोघांच्याही नाण्यांवर उजवीकडे पाहणारा राजाचा चेहरा असू शकतो आणि कडेने ब्राह्मी अक्षरांची ओळ फिरते. सातवाहनांनी हा चेहऱ्याचा नमुना क्षत्रपांकडूनच उचलला, त्यामुळे साम्य योगायोगाचं नाही.

आधी नहपान. तो पश्चिम क्षत्रपांपैकी, क्षहरात कुळातला राजा. नाशिक आणि जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांत त्याच्या कारकिर्दीची ४१ ते ४६ ही वर्षं येतात. त्याच्या नाण्यावर एका बाजूला चेहरा असतो. कपाळावरून केसांना पट्टा बांधलेला आणि चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं. ती वाचायला जावं तर भाषा ग्रीक नाहीच, प्राकृत शब्द ग्रीक अक्षरांत लिहिलेले आहेत. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि भोवती तोच मजकूर दोन लिप्यांत, ब्राह्मीत आणि खरोष्ठीत. ब्राह्मीतला मजकूर ‘राञो क्षहरातस नहपानस’, म्हणजे क्षहरात राजा नहपानाचं. गंमत अशी की लेखांत त्याला क्षत्रप आणि पुढे महाक्षत्रप म्हटलंय, पण नाण्यावर ती पदवी नाही. म्हणून ‘क्षत्रप’ शब्द सापडला नाही एवढ्यावरून नाणं नहपानाचं नाही असं ठरवू नये.

चेहऱ्यावरून नहपान ओळखता येतो का? इथे जोगळटेंभीचा साठा आठवायला हवा. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ साली सुमारे १३,२५० चांदीची नाणी एकत्र सापडली. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासली, तेव्हा त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. नाव सगळीकडे नहपानाचं, पण चेहरे एकासारखे एक नाहीत. कुठे तरुण, कुठे म्हातारा, नाकाची ठेवणही वेगळी. स्कॉट यांनी अंदाज बांधला की घराण्यातल्या वेगवेगळ्या माणसांचे चेहरे नहपानाच्या नावाने छापले असावेत. मला स्वतःला हे ठसे कोरणाऱ्या कारागिरांच्या हाताचं काम वाटतं. इतकी नाणी पाडायची तर ठसे झिजणार, नवे कोरावे लागणार, आणि प्रत्येक कारागीर समोर राजा बसवून कोरत नसणार. दोन्हींपैकी काहीही असो, ‘हे नाक नहपानाचं’ असं म्हणण्यात अर्थ नाही. नाव नहपानाचं आहे की नाही, एवढंच सांगता येतं.

याच साठ्यात आपल्या गोंधळाचं मूळ आहे. त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला होता. नहपानाची नाणी वितळवून नवी पाडण्याऐवजी आहेत त्याच नाण्यांवर नवा ठसा ठोकला. एका बाजूला कमानींचा डोंगर, खाली नदीसारखी नागमोडी रेघ, आणि भोवती ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’. दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकचं चिन्ह आणि त्याच्या चारही टोकांना वर्तुळं. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात, गौतमीपुत्राची आई बलश्री हिच्या लेखात, तिच्या मुलाला ‘खखरातवसनिरवसेसकर’, म्हणजे क्षहरात वंश निःशेष करणारा, असं म्हटलंय. ती ओळ दगडावर वाचावी आणि मग हे नाणं हातात घ्यावं.

ठसा ठोकताना जुना छाप पूर्ण पुसला जात नाही. जिथे नव्या ठशाचा उंच भाग दाबला जातो तिथे जुनी रेघ चपटी होते किंवा तुटते, आणि मधल्या मोकळ्या जागेत जुना गाल, जुनं नाक तसंच राहतं. माझ्या ओळखीच्या गृहस्थांना दिसलेला चेहरा तोच. चेहरा खाली राहिला, नाव वरून आलं. कोणता छाप आधीचा हे ठरवायची युक्ती सोपी आहे. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे भिंगातून पाहा. जी न तुटता पुढे जाते ती नंतरची, जी मध्ये तुटते ती आधीची. बनावट नाण्यात हीच जागा खोटं उघडं पाडते. तिथे चेहरा आणि डोंगर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेले असतात. कुणी कुणाला चेपलेलं नसतं, दोन्ही सारखेच गुळगुळीत दिसतात.

मग सातवाहनांच्या खऱ्याखुऱ्या चेहऱ्याच्या नाण्यांचं काय? ती आहेत. वासिष्ठीपुत्र पुळुमावीची आहेत, यज्ञ सातकर्णीची आहेत. यज्ञ सातकर्णीचं एक चांदीचं नाणं १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपात पंडित भगवानलाल इंद्रजींना मिळालं होतं. ही नाणी क्षत्रपांच्या शेजारी ठेवली की फरक डोक्यापासूनच सुरू होतो. चष्टन या क्षत्रप राजानंतरच्या क्षत्रपांच्या डोक्यावर बहुधा टोपी असते, गोलसर, कपाळाला घट्ट बसलेली. सातवाहन राजाचे केस दिसतात, टोपी नसते, आणि कानातलं ठळक असतं. पण झिजलेल्या नाण्यावर टोपीची कड आणि केसांची पट्टी यांतला फरक डोळ्यांना फसवतो, म्हणून मी या खुणेला पहिला मान देत नाही.

मागची बाजू जास्त प्रामाणिक असते. क्षत्रपांच्या नाण्यावर मध्यभागी तीन कमानींचा डोंगर एकटाच, त्याच्या डोक्यावर चंद्रकोर, एका बाजूला चंद्र, दुसऱ्या बाजूला सूर्य, खाली नागमोडी रेघ. सातवाहनांच्या चेहऱ्याच्या नाण्यावर डोंगर सहा कमानींचा असतो आणि शेजारी उज्जैन चिन्ह. म्हणजे ‘डोंगर दिसला की सातवाहन’ हा समज टाकून द्यायचा. कमानी मोजायच्या आणि उज्जैन चिन्ह शोधायचं.

अक्षरांकडे आलं की दोन घराण्यांची सवयच वेगळी दिसते. क्षत्रप वडिलांचं नाव सांगतात, सातवाहन आईचं. रुद्रसिंहाच्या नाण्यावर मजकूर साधारण असा असतो: ‘राज्ञो महाक्षत्रपस रुद्रदामपुत्रस राज्ञो क्षत्रपस रुद्रसीहस’. इथे नवखा माणूस हमखास पहिलं नाव उचलतो आणि नाणं रुद्रदामनचं म्हणून ठेवतो. ‘पुत्रस’ ज्या नावाला चिकटलेलं आहे तो बाप. नाणं पाडणारा शेवटचा, आणि त्याची पदवीही शेवटची. बाप महाक्षत्रप आणि मुलगा नुसता क्षत्रप, हे एकाच ओळीत सांगितलेलं असतं. ओळ गोल फिरत असल्यामुळे सुरुवात कुठे हे कळत नाही. नाणं हळूहळू फिरवत ‘राज्ञो’ शोधायचं. ते दोनदा येतं, आणि ‘पुत्रस’ ज्याच्या अलीकडे असेल ते दुसरं. दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून क्षत्रपांच्या नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे ब्राह्मी अंकांत शक वर्षही येतं. ते वाचता आलं तर त्यात ७८ मिळवले की झालं.

सातवाहन बाजूला वेगळाच सापळा आहे. ‘गोतमिपुतस’ म्हणजे गौतमीचा मुलगा, आणि गौतमीची मुलं या घराण्यात एकापेक्षा जास्त झाली. नहपानावर छाप मारणारा गौतमीपुत्र सातकर्णी, आणि नंतरचा यज्ञ सातकर्णी, त्याच्याही नाण्यावर ‘रञो गोतमिपुतस सिरि यञ सातकणिस’. फरक फक्त ‘यञ’ या दोन अक्षरांचा. तेवढी अक्षरं कडेबाहेर गेली किंवा झिजली, तर नुसत्या नावावरून दोघांना वेगळं करता येत नाही. अशा वेळी मागच्या बाजूची भाषा मदतीला येते. चेहऱ्याच्या सातवाहन नाण्यांवर पुढचा मजकूर प्राकृत असतो, पण मागचा दक्षिणेकडच्या बोलीत. तिथे ‘सातकणिस’चं ‘हातकणिकु’ होतं. असा ‘कु’ शेवटाला दिसला तर समोर आहे ते चेहऱ्याचं सातवाहन नाणं, नहपानावर छापलेलं नव्हे.

पुतळ्यांचीही हीच कथा आहे. मथुरेजवळच्या माटला सापडलेल्या कनिष्काच्या मूर्तीला डोकंच नाही, म्हणजे चेहऱ्याचा प्रश्नच उरत नाही. लांब अंगरखा, जड बूट, हातात तलवार आणि सोटा, यावरून कुषाण एवढंच म्हणता आलं असतं. अंगरख्यावर ‘महाराज राजातिराज देवपुत्र कनिष्क’ कोरलेलं आहे म्हणून तो कनिष्क. आपल्याकडे नाणेघाटात तर याहून पुढची अवस्था आहे. तिथल्या गुंफेत सिमुक, सातकर्णी, नागनिका यांचे पुतळे होते. आज भिंतीशी फक्त पावलांच्या खुणा राहिल्यात, आणि वर नावं.

आता त्या गृहस्थांच्या फोटोकडे परत येऊ. एका बाजूला उजवीकडे तोंड केलेल्या चेहऱ्याचं नाक आणि हनुवटी, गालावर कमानींचा डोंगर, डोंगराची रेघ गालाला कापून गेलेली. भोवती वाचता येतं ते एवढंच: ‘…तमिपुतस सिरि सा…’. दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, आणि त्याच्या दोन वर्तुळांमधून डोकावणारं बाणाचं टोक. बाण म्हणजे खालचं नाणं नहपानाचं. डोंगर आणि उज्जैन चिन्ह म्हणजे वरचा छाप सातवाहनांचा. ‘सिरि’नंतर लगेच ‘सा’ आहे, मध्ये ‘यञ’ नाही, म्हणून यज्ञ सातकर्णी बाद. मी त्यांना डबीवर लिहायला सांगितलं: ‘नहपान, गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छापलेलं’. त्यांनी लिहिलंही, आणि खाली कंसात बारीक अक्षरांत जोडलं, ‘चेहरा शत्रूचा’.