तोंडातले न भरणारे चट्टे: पेम्फिगसची पार्श्वभूमी

तोंड आलं की जाईचा पाला चघळायचा, बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घ्यायच्या आणि तिखट बंद करायचं, हे आपल्याकडे ठरलेलंच. साधे फोड दहा-पंधरा दिवसांत भरतातही. पेम्फिगस व्हल्गॅरिस या फोडांच्या आजाराचे चट्टे मात्र महिनोन्‌महिने तसेच राहतात. निम्म्याहून अधिक रुग्णांत हा आजार तोंडातच सुरू होतो, अंगावर फोड येतात ते नंतर. शिवाय तोंडातला फोड इतका नाजूक की घास चावताच फुटतो, त्यामुळे तपासणाऱ्याला दिसते ती फक्त सोललेली लाल जागा.

फोडांच्या जुनाट आजाराला पेम्फिगस हे नाव जर्मन वैद्य विखमान यांनी 1791 मध्ये दिलं. पुढे दीड शतक वेगवेगळे आजार या एकाच नावाखाली मोडत राहिले. 1953 मध्ये वॉल्टर लिव्हर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची फारकत केली. पेम्फिगसमध्ये त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशीच एकमेकींपासून सुटतात. पेम्फिगॉइड या फोडांच्या दुसऱ्या आजारात तो अख्खा थर खालून उचकटतो. स्टेरॉइड येण्यापूर्वी पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत, म्हणून ही फारकत मोलाची होती.

पेशी सुटतात का, याचा धागा 1964 मध्ये अमेरिकेतल्या बफेलो इथे बॉयटनर आणि जॉर्डन यांना सापडला: रुग्णाच्या रक्तातच स्वतःच्या पेशींमधल्या जोडांविरुद्ध प्रतिपिंडं होती. 1991 मध्ये आमागाई आणि स्टॅन्ली यांनी त्यांचं लक्ष्य ओळखलं, ते डेस्मोग्लीन 3 हे प्रथिन. त्वचेत त्याच्या जोडीला डेस्मोग्लीन 1 भक्कम असतं, तोंडाच्या अस्तरात ते फारच कमी. तोंड आधी का सोलतं, याचं उत्तर इथे मिळालं.

उपचारात आपल्या देशाचाही वाटा आहे. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचा यांनी 1980 च्या दशकात पल्स उपचार रूढ केला: दर 28 दिवसांनी सलग तीन दिवस 100 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड शिरेतून, त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषधही. आता रिटुक्सिमॅब हे औषधही उपलब्ध आहे.

तरीही निदान अडतं ते बायोप्सीपाशी. समजा, पंचेचाळिशीतल्या बाईंच्या गालाच्या आत चार महिने चट्टा आहे. तुकडा चट्ट्याच्या मधोमध घेतला तर तिथे अस्तरच उरलेलं नसतं आणि रिपोर्ट येतो, 'साधी सूज'. एक तुकडा चट्ट्याच्या कडेचा हवा, तो फॉर्मॅलिनमध्ये. दुसरा लगतच्या, वरून धड दिसणाऱ्या भागाचा, इम्युनोफ्लुरोसन्स या प्रतिपिंडं चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकला की वाया गेला, त्याला मिशेलचं द्रावण लागतं. त्यात पेशींभोवती जाळी चमकली तर पेम्फिगस. तळाशी सरळ रेघ चमकली तर बहुधा तोंडातला पेम्फिगॉइड, आणि मग डोळे दुखत नसले तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावंच लागतं. हा आजार डोळ्यांत व्रण धरतो आणि त्याने गेलेली नजर सहसा परत येत नाही.