गोदावरीचं अवतरण (गौतमी गंगा)

गोदावरी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर कशी उतरली त्याची ही पुराणकथा, आणि त्या कथेवर उभी असलेली नदीची पूजा. स्वर्गातली किंवा शंकराच्या जटेतली देवी पाणी होऊन जमिनीवर येते या कथा भारतात बऱ्याच ठिकाणी आहेत, सगळ्यात माहितीतली अर्थातच भगीरथाची. पण भगीरथाने गंगा आणली ती पूर्वजांच्या राखेसाठी, त्यांना मुक्ती मिळावी म्हणून, आणि गौतम ऋषींनी आणली ती दुष्काळ, भाताचं शेत आणि एक मेलेली गाय यांच्यामुळे. म्हणजे ही सरळसरळ शेतकऱ्याची कथा आहे, आणि माझ्या मते गोदावरी समजून घ्यायची तर हा फरक आधी लक्षात घ्यायला हवा. ब्रह्मपुराणात तर म्हटलंय की शंकराच्या जटेतल्या गंगेचे दोन भाग झाले, एक गौतमाने आणला आणि दुसरा भगीरथाने. म्हणूनच हिला गौतमी म्हणतात, दक्षिणगंगा म्हणतात, आणि नाशिकमध्ये आजही जुनी माणसं "गोदावरीवर जातो" म्हणत नाहीत, "गंगेवर जाऊन येतो" म्हणतात.

कथा वेगवेगळ्या पुराणांत थोडी थोडी वेगळी आहे. वराहपुराणात दंडकारण्यात बारा वर्षांचा दुष्काळ पडतो, पण गौतमाला वर मिळालेला असतो की त्याचं धान्य कधी संपणार नाही. त्र्यंबकला सांगतात ते असं, की गौतम सकाळी भात पेरायचे, दुपारपर्यंत तो तयार व्हायचा आणि त्यावर आश्रमात आलेल्या सगळ्या ऋषींचं जेवण व्हायचं. शिवपुराणातली आवृत्ती मला जास्त जिवंत वाटते कारण तिथे भांडण पाण्यावरून आहे. दुष्काळात गौतम वरुणाची तपश्चर्या करतात, वरुण म्हणतो की पाऊस पाडणं माझ्या हातात नाही पण पाणी देतो, मग गौतम हातभर खड्डा खणतात आणि तो कधीच न आटणाऱ्या पाण्याने भरतो. त्या पाण्यावर शेती होते, झाडं वाढतात, दुसरे ऋषी बायकामुलांसकट राहायला येतात. आणि मग पाणवठ्यावर जे होतं तेच होतं, आधी कोणी भरायचं यावरून ऋषिपत्नी आणि गौतमाचे शिष्य यांची वादावादी होते, अहल्या स्वतः पाण्याला यायला लागते, तक्रारी नवऱ्यांपर्यंत जातात आणि ते ऋषी ठरवतात की गौतमाला इथून घालवायचं.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. त्या ऋषींच्या विनंतीवरून गणपती एका दुबळ्या गायीचं रूप घेऊन गौतमाच्या शेतात शिरतो (ब्रह्मपुराणात गाय होते ती पार्वतीची सखी जया), गौतम नुसत्या गवताच्या काडीने तिला हाकलायला जातात आणि गाय जागीच पडते. गोहत्येचं पातक लागलं म्हणून त्यांना आश्रम सोडावा लागतो, आणि प्रायश्चित्त म्हणून गंगेचं स्नान सांगितलं जातं, जी दक्षिणेत नाहीच. मग गौतम ब्रह्मगिरीवर तप करतात, शंकर प्रसन्न होतात आणि जटा आपटून गंगेला मोकळं करतात. डोंगरावर जटा आपटल्याच्या खुणा म्हणून एक जागा अजून दाखवतात, तिथे छोटं जटामंदिर आहे.

इथे शिवपुराणातली गंगा बाईच्या रूपात समोर येते आणि चक्क बोलणी करते हे फार छान आहे. तिचं म्हणणं असं की गौतमाला शुद्ध करून मी परत जाईन. शंकर तिला राहायला सांगतात, तर तिची अट असते की मग तुम्हीही पार्वतीसकट इथेच माझ्याजवळ राहा. म्हणून नदीशेजारी त्र्यंबकेश्वराचं ज्योतिर्लिंग आहे. तिथलं लिंग इतर ठिकाणांसारखं वर आलेलं नाही, शाळुंकेत खोलगट जागा आहे आणि त्यात अंगठ्याएवढे तीन उंचवटे, ब्रह्मा विष्णू महेश, आणि त्या खळग्यात पाणी झिरपत असतं. अट मान्य झाल्यावर गंगा उंबराच्या फांदीतून बाहेर येते असं पुराण सांगतं. उंबर हे आपल्याकडे पाण्याच्या जागी येणारं झाड, जुने लोक विहीर कुठे खणायची हे बघताना उंबर कुठे आहे ते बघायचे, त्यामुळे हे झाड कथेत सहज आलेलं नाही असं मला वाटतं.

आता ती उतरली तरी थांबत नाही, हा कथेचा दुसरा अर्धा भाग आणि तो सहसा घाईत सांगून टाकतात. ज्यांनी गौतमाला छळलं ते ऋषी स्नानाला आले की गंगा गुप्त होते. ती एका ठिकाणी दिसते, नाहीशी होते, दुसरीकडे दिसते, शेवटी गौतम कुश म्हणजे दर्भ घेऊन तिच्याभोवती फिरवतात आणि तिला अडवतात, तेच कुशावर्त. म्हणजे देवीला खाली आणून काम संपत नाही, तिला अडवावं लागतं, आणि तेसुद्धा गवताने. ज्याने भाताच्या खाचराला बांध घातलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही, त्र्यंबक आणि इगतपुरीच्या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो पण उतारावरून निघून जातो, बांध नसेल तर खाचरात आवणीपुरतं, म्हणजे भाताची रोपं लावण्यापुरतं पाणीही उभं राहत नाही.

आणि हे गुप्त होणं डोळ्यांनी दिसतं. ब्रह्मगिरी म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर, काही थर घट्ट काळ्या पाषाणाचे आणि काही भेगाळ, सच्छिद्र. पावसाचं पाणी वरच्या पठारावर मुरतं, घट्ट थर लागला की त्याला खाली जाता येत नाही, मग ते आडवं सरकत कड्यातून कुठेतरी बाहेर पडतं. डोंगराच्या कडेला अर्ध्या वाटेवर गंगाद्वार आहे ते असंच, शेकडो पायऱ्या चढून गेलं की गोमुखातून बारीक धार पडताना दिसते, उन्हाळ्यात तर थेंब थेंब. ती परत दिसते खाली गावात कुशावर्ताच्या कुंडात, तिथून पुढे काही मैलांवर बेझे गावाजवळ चक्रतीर्थाचा खोल डोह आहे आणि लोक मानतात की गोदावरी खऱ्या अर्थाने सलग वाहते ती तिथून. वर मुरणं, दिसणं, परत मुरणं, परत दिसणं, हा क्रम कथेतही तोच आहे. त्र्यंबकला एक छोटी नदी गोदावरीला मिळते तिचं नाव अहिल्या, पाणवठ्यावर जिला बोलणी बसली तीच. त्याच भागात उगम पावलेली वैतरणा पश्चिमेला जाऊन अरबी समुद्र गाठते, आणि गोदावरी मात्र समुद्राकडे पाठ करून पूर्वेला 1465 किलोमीटर जाते, बंगालच्या उपसागरापर्यंत. तिथे आंध्रात तिच्या दोन मोठ्या फाट्यांची नावं गौतमी आणि वसिष्ठ, आणि परंपरा म्हणते की ती सात ऋषींच्या नावाने सात मुखांनी समुद्राला मिळते.

नावाबद्दल. गो म्हणजे गाय, पण संस्कृतात गो म्हणजे पृथ्वीसुद्धा, आणि गोदा म्हणजे गो देणारी. वराहपुराणातल्या कथेत गंगेचं पाणी लागल्यावर ती पडलेली गाय उठते. मग दुष्काळात पडलेली गाय आणि दुष्काळात पडलेली जमीन यात फार अंतर राहत नाही, पाणी आलं की दोन्ही उठतात. हा माझा अर्थ आहे, पुराणात असा उलगडून सांगितलेला नाही, पण शब्दाला दोन्ही अर्थ आहेत आणि सांगणाऱ्यांना ते ठाऊक असणारच.

पूजेत नदी आईही असते आणि सवाष्णही. माघ शुद्ध दशमीला तिचा जन्मदिवस, नाशिकला रामकुंडावर त्या दिवसांत उत्सव असतो. एरवी बायका तिची ओटी भरतात, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, म्हणजे जी ओटी आपण लेकीसुनेची भरतो तीच, आणि ओटी भरण्याचा अर्थ पोट पिकावं हाच असतो. तांदळाचे दाणे पाण्यात सोडताना तीच इच्छा शेतासाठीही असते.

गोदावरी ही मोठी, पुराणातली देवी, पण तिच्या काठावर आणि महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक पाणवठ्यावर तिच्या धाकट्या बहिणी म्हणाव्यात अशा साती आसरा आहेत. आसरा म्हणजे अप्सरा, म्हणजे यासुद्धा वरून आलेल्याच. विहिरीच्या काठी, डोहाजवळ सात दगड शेंदूर लावून मांडलेले असतात, बाकी मूर्ती वगैरे काही नाही. त्यांची नावं सांगतात ती मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी, यातली मासा, कासव, खेकडा, बेडूक आणि मगर लगेच ओळखू येतात, म्हणजे पाण्यातला सगळा जीवच. यांची भीतीही असते, डोहात कोणी बुडालं तर आसरांनी ओढलं म्हणतात. आणि तरीही बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडली की पाण्याची पूजा करायला विहिरीवरच जाते, कारण दूध आणि पाणी दोन्ही आटू नये. गौतमी गंगेच्या कथेत ही भीतीची बाजू पुसट झालीय, पूर आला की मात्र नाशिकला ती दिसते, लोक रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे बघतात, पाणी त्याच्या कमरेला लागलं की गळ्याला यावरून पुराचा अंदाज करतात.

गुरू सिंह राशीत आला की सगळे देव आणि तीर्थं गोदावरीवर येतात असा वर कथेतच आहे, त्यावरून बारा वर्षांनी त्र्यंबक आणि नाशिकला सिंहस्थ भरतो, 2003 आणि 2015 ला झाला, यानंतरचा 2026-27 ला. रामकुंडावरचं गंगा गोदावरीचं मंदिर फक्त सिंहस्थापुरतंच उघडतं, एरवी बंद. तोच गुरू, तीच रास, म्हणून खाली तेलंगणा आणि आंध्रात 12 दिवसांचं गोदावरी पुष्करम् भरतं, राजमहेंद्रीला तर गर्दी मावत नाही.

या गर्दीच्या सोयीसाठी नाशिकला नदीच्या पात्रात काँक्रीट घातलं गेलं, आणि त्याने कुंडांचे तळातले झरे दबले म्हणून ते काढायची मागणी झाली, काही ठिकाणी ते काढलंही. त्र्यंबक गावात तर नदीवर स्लॅबच टाकलाय, कुशावर्तापासून चालत निघालात तर काही अंतर ती तुमच्या पायाखालून वाहते आणि दिसत नाही. कथेत ती ऋषींना टाळायला गुप्त व्हायची आणि गौतमांनी विनवल्यावर परत यायची, इथे तिला आपणच झाकून ठेवलीय. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी हजारो माणसं ब्रह्मगिरीची फेरी करतात, बरीचशी अनवाणी, सुमारे 20 किलोमीटर, भर पावसात, आणि त्या दिवशी मात्र वरून कड्याकड्यातून शेकडो धारा उतरताना दिसतात, खाली खाचरांत आवणी होऊन गेलेली असते आणि पोपटी रोपं पाण्यात उभी असतात.