गरोदरपणातील एचआयव्ही-सिफिलिस तपासणी: उपचार घेऊनही ते ‘अपुरे’ का ठरतात?

एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासणीसाठी पात्रतेची अट एकच, तुम्ही गरोदर असणं. मागच्या खेपेला निकाल चांगला आला होता, काही त्रास नाही, ही कारणं चालत नाहीत. प्रत्येक गरोदरपणात, पहिल्याच भेटीत दोन्ही तपासण्या करायच्या. बोटातून थेंबभर रक्त घेतात आणि साधारण वीस मिनिटांत निकाल कळतो. संमती तुमची असते आणि निकाल गोपनीय राहतो.

एचआयव्हीचं निदान पुढच्या चाचण्यांनी पक्कं झालं की गोळ्या लगेच सुरू होतात आणि त्या कायम घ्यायच्या असतात. उपचाराविना बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. नियमित गोळ्यांनी, आणि जन्मानंतर बाळाला दिलेल्या औषधाने, ती ५ टक्क्यांच्या खाली येते. बाळंतपण झालं म्हणून गोळ्या थांबवू नका, स्तनपानातूनही विषाणू जातो.

खरी अडचण सिफिलिसमध्ये, म्हणजे लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळालाही होऊ शकणाऱ्या आजारात येते, आणि ती कागदाची असते. झटपट चाचणी एकदा बाधित आली की उपचारांनंतरही बहुधा आयुष्यभर तशीच येते. त्यामुळे जुना, बरा झालेला आजार आहे की नवा, हे ठरवायला आधीच्या उपचारांची नोंद लागते: औषधाचं नाव, मात्रा, तारखा, आणि आजार किती सक्रिय आहे हे दाखवणाऱ्या आरपीआर या रक्तचाचणीचा तेव्हाचा आकडा. हा कागद जवळजवळ कुणाकडेच नसतो, कारण देणाऱ्यांनी तो दिलेलाच नसतो! मग ‘इंजेक्शन घेतलं होतं’ एवढ्यावर भागत नाही. लागण कधीची हे माहीत नसेल, तर बेंझाथिन पेनिसिलिनची २४ लाख युनिटांची मात्रा आठवड्याच्या अंतराने तीनदा घ्यावी लागते. दोन मात्रांत नऊ दिवसांहून जास्त अंतर पडलं, तर पुन्हा पहिल्यापासून. बाजारहाटासारखं ‘पुढच्या आठवड्यात बघू’ इथे परवडत नाही.

दुसरी चूक मुदत मोजण्यात होते. प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी उपचार सुरू झालेले हवेत, आणि हे दिवस प्रत्यक्ष जन्मापासून मागे मोजतात, कार्डावरच्या तारखेपासून नाही. समजा, पहिलं इंजेक्शन ३४व्या आठवड्यात झालं. चाळिसावा आठवडा धरला तर हाताशी ४२ दिवस दिसतात. पण बाळ ३८व्या आठवड्यात आलं, तर झाले फक्त २८. तिन्ही इंजेक्शनं वेळेवर घेऊनही उपचार अपुरे धरले जातात. बाळाच्या तपासण्या होतात आणि त्यालाही पेनिसिलिन द्यावं लागतं. म्हणून निदान कळेल त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन मागा, पुढच्या अहवालासाठी थांबू नका.

पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. इतर गोळ्यांनी बाळाचं खात्रीने संरक्षण होत नाही, त्यामुळे रुग्णालयात शरीराला पेनिसिलिनची सवय करून तेच दिलं जातं. इंजेक्शननंतर पहिल्या दिवसात ताप आला तर घाबरून पुढची मात्रा टाळू नका, पण कळा येऊ लागल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच दवाखान्यात जा.

जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार त्याच आठवड्यात उरकून घ्या, नाहीतर पूर्ण उपचारांनंतरही तुम्हाला पुन्हा लागण होऊ शकते.