बाणेरच्या एका को-वर्किंगच्या ब्रँडिंगमागची गोष्ट

पुण्यात बाणेर-बालेवाडीत कुठल्याही को-वर्किंगमध्ये, म्हणजे वेगवेगळे लोक भाड्याने सीट घेऊन एकत्र काम करतात अशा ऑफिसात जा, काचेच्या केबिन, पिवळे बल्ब, भिंतीवर निऑनमधलं एखादं वाक्य आणि कोपऱ्यात कॉफी मशीन. माझ्या मैत्रिणीची तिथेच 48 सीटची जागा आहे, गेल्या वर्षी तिने नवीन लोगो करायला मला बोलावलं आणि मी आधी हा सारखेपणा आला कुठून ते बघत बसलो, कारण ते कळल्याशिवाय लोगोने काय होणार?

को-वर्किंगची सुरुवात 2005 ची, सॅन फ्रान्सिस्कोमधली. ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रॅमरला स्वतंत्र कामाची मोकळीकही हवी होती आणि आजूबाजूला माणसंही, म्हणून त्याने स्पायरल म्यूज नावाच्या घरात आठवड्यातले दोन दिवस टेबलं मांडायला सुरुवात केली. पहिला महिना कुणी फिरकलंच नाही. फिलाडेल्फियात अ‍ॅलेक्स हिलमनने तर आधी माणसं जमवली, त्यांच्या भेटीगाठी सुरू केल्या आणि मग 2007 मध्ये त्यांच्यासाठी इंडी हॉल उघडला. म्हणजे तेव्हा जागेची ओळख तिथे कोण बसतं यावरून होती, फर्निचरवरून नाही.

तयार ऑफिस भाड्याने द्यायचा धंदा त्याच्याही आधीचा, रेगस 1989 मध्ये ब्रसेल्सला सुरू झालं. 2010 मध्ये न्यूयॉर्कला वीवर्क आलं आणि त्याने या दोन गोष्टी एकत्र केल्या: इमारत लांबच्या करारावर घ्यायची, तुकडे करून महिन्याच्या बोलीवर द्यायची, आणि वर कम्युनिटीचं वातावरण. एकच डिझाइन शहरोशहरी उभं करायचं म्हटल्यावर दिसणं हाच ब्रँड झाला, आणि दिसणं काय, कुठलाही इंटिरियरवाला दोन-तीन महिन्यांत करून देतो. 2019 मध्ये त्यांचा आयपीओ मागे घ्यावा लागला, नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, पण तो लुक मात्र जगभर राहिला.

आपल्याकडे Awfis नावाची को-वर्किंग कंपनी 2015 ची, वीवर्क 2017 मध्ये एम्बसी ग्रुपबरोबर आलं. मग मोठ्या कंपन्या अख्खे मजलेच घ्यायला लागल्या, ज्याला मॅनेज्ड ऑफिस म्हणतात. तिथे भिंतीवर लोगो भाडेकरूचा असतो, चालवणाऱ्याचं नाव फक्त करार करणाऱ्या माणसाला माहीत असतं. छोट्या जागांनी लुक तोच उचलला, पण तसं गिऱ्हाईक त्यांच्याकडे नव्हतंच. त्यात ब्रोकर आणि पोर्टलवर सगळ्यांचे तेच फोटो, मग बघणारा फक्त रेट बघतो आणि शेजारी पाचशे रुपयांनी खाली आला की तुम्हालाही यावं लागतं.

मैत्रीण नेमकी इथे अडकली होती. 48 पैकी 31 सीट भरलेल्या. आम्ही बायोमेट्रिकच्या दोन वर्षांच्या नोंदी काढून बघितलं की वर्षाच्या वर टिकलंय कोण, तर 14 जण निघाले आणि त्यातले 11 दुपारी चारनंतर येणारे, अमेरिकेतल्या क्लायंटची कामं करणारे. घरात पोरं झोपलेली असताना रात्री बाराला मोठ्याने कॉल कसा घ्यायचा, एवढं साधं कारण! आणि आसपास सगळीकडे रात्री आठला बिल्डिंगचा सेंट्रल एसी बंद होतो.

मग ठरलं, ही रात्रीची जागा. 20 सीटच्या भागात वेगळे स्प्लिट एसी बसवले, त्याची परवानगी मिळवण्यातच दोन महिने गेले, फोन बूथ दोनाचे पाच केले, रात्रीचा वॉचमन, पार्किंगमध्ये लाइट, आणि रात्री दहाला एका काकूंकडून पोळी-भाजीचे डबे. लोगो जुनाच ठेवला, फक्त पाटीवर खाली वेळ मोठ्या अक्षरात लिहिली. सगळ्यात जड गेलं ते दिवसा बसणाऱ्या 20 जणांच्या टीमला नाही म्हणणं, कारण त्यांना तोच एसीवाला भाग कायमचा हवा होता. आणि एक मर्यादा आहेच, महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर महिला कर्मचाऱ्यांची संमती आणि सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे टीम घेऊन येणाऱ्याशी घरी सोडायची गाडी कुणाची हे आधीच बोलावं लागतं.

सहा महिन्यांत 31 च्या 38 सीट झाल्या, फार नाही. पण पूर्वी फोनवर पहिला प्रश्न 'सीट कितीला?' असायचा, आता 'दोन वाजता खरंच एसी चालू असतो ना?' असं विचारतात. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं तासाने मागे जातात, म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ आपल्याकडे साडेसहाऐवजी साडेसातला वाजतात, तेव्हा तिने आठवडाभर आधीच बोर्डावर लिहून ठेवलं होतं: सोमवारपासून डबा अकराला.