झोपेचा सिनेमा: ओळखीचा हवा, पण तेवढ्यानं भागत नाही

'गाढ झोपेच्या डेल्टा लहरी, आठ तास' असल्या व्हिडिओंचा सध्या सुळसुळाट आहे. डेल्टा लहरी म्हणजे गाढ झोपेत मेंदूच्या विद्युतआलेखावर उमटणारी मंद आंदोलनं. ती स्पीकरमधून पाजायची वस्तू नव्हे. त्यापेक्षा दहादा पाहिलेला, संथ चालीचा, संवादप्रधान सिनेमा लावून डोळे मिटणारे लोक शहाणे. पण त्यांचीही एक तक्रार असतेच: डोळा लागतो न लागतो तोच कुठलंतरी गाणं किंवा दार आपटल्याचा आवाज दणकतो आणि झोप उडते. पाठ असलेला सिनेमाही जागं का करतो?

कारण मेंदूत दोन निरनिराळे पहारेकरी आहेत. पहिला नवेपणावर नजर ठेवतो. १९६०च्या आसपास रशियन शास्त्रज्ञ सोकोलोव्ह यांनी मांडलं, की मेंदू सतत येणाऱ्या आवाजांचा एक नमुना बनवतो आणि नवा आवाज त्याच्याशी ताडून पाहतो. जुळला तर दुर्लक्ष, नाही जुळला तर कान टवकारले जातात. ओळखीच्या सिनेमात पुढचं वाक्य आधीच ठाऊक असतं, म्हणून हा पहारेकरी सुस्तावतो. 'पुढे काय' ही उत्सुकताही उरत नाही.

दुसरा पहारेकरी दचकवणारा. तो मेंदूच्या देठात, अगदी खाली बसतो. एकदम चढणारा मोठा आवाज आला, की ३० ते ५० मिलिसेकंदांत पापण्या मिटतात, मान आखडते. वरच्या मेंदूला विचारायला त्याला सवडच नसते, त्यामुळे सिनेमा पाठ असल्याचा त्याच्यावर फारसा उपयोग होत नाही. त्याला आवरायचं तर आवाजाचाच चढउतार कमी करावा लागतो.

आता उशीपाशी काय घडतं ते पाहू. समजा संवाद ४५ डेसिबलला ऐकू येतात आणि मधेच गाणं ६५ला सुरू होतं. फरक २० डेसिबलचा, म्हणजे कानाला साधारण चौपट मोठं. व्हॉल्यूम कमी केला तर दोन्ही सारखेच खाली जातात. संवाद पुटपुटल्यासारखे होतात, फरक तसाच राहतो. मग संवाद ऐकायला आपण आवाज पुन्हा वाढवतो आणि गाण्याला सापडतो.

यावर उपाय म्हणजे कॉम्प्रेसर, म्हणजे फक्त मोठे आवाज दाबणारी सोय. टीव्हीत तो बहुधा 'नाइट मोड' नावानं असतो. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये Tools, Effects and Filters, Audio Effects, Compressor असं जाऊन Enable करा. Threshold हा उंबरठा; आवाज त्याच्या जितका वर जाईल, तेवढ्याला Ratio नं भागलं जातं. उंबरठा संवादांच्या पातळीवर आणि गुणोत्तर ४ ठेवलं, तर वरचे २० डेसिबल ५ होतात. गाणं ६५ऐवजी ५०ला वाजतं.

खरी मेख Attack मध्ये आहे. हा कॉम्प्रेसरला जागं व्हायला लागणारा वेळ. तो १०० मिलिसेकंद ठेवला, तर दार आपटल्याचा पहिला ठोका न दबताच निसटतो, आणि दचकायला तेवढाच पुरतो. म्हणून तो ५च्या आसपास आणा. Release मात्र लांब ठेवा, ५०० ते ६००. तो आखूड असला तर प्रत्येक वाक्यानंतर मागचा पंख्याचा, रातकिड्यांचा आवाज फुगून वर येतो. सिनेमा धापा टाकतोय असं वाटतं. ते ऐकू आलं की Release वाढवायचा, एवढंच. Threshold इथे कमाल आवाजापासून खाली मोजतात; तो -२८ डेसिबलपासून सुरू करा आणि Makeup gain शून्यावर ठेवा. नाहीतर दाबलेलं सगळं पुन्हा उचललं जातं.

सिनेमा निवडताना दुपारी डोळे मिटून पंधरा मिनिटं ऐका. दाराची घंटी, फोनची रिंग, रडणारं मूल यांवर खास लक्ष द्या. हे आवाज लहान असले तरी अर्थपूर्ण असतात, आणि झोपलेला मेंदू अर्थ ओळखतो. झोपेत माणसाचं स्वतःचं नाव ऐकवलं तर मेंदूच्या आलेखावर इतर नावांपेक्षा ठळक प्रतिसाद उमटतो, हे १९६०मध्येच दिसलं आहे. तुमच्या घरच्या घंटीसारखीच घंटी सिनेमात असेल तर तो सिनेमा बाद.

पडद्याचा उजेड कमीत कमी करा, किंवा फोन पालथाच ठेवा; डोळे मिटल्यावर चित्राचं कामच नाही. आपोआप पुढचा व्हिडिओ लावणारी सोय बंद करा. श्रेयनामावलीतलं संगीत अनेकदा अख्ख्या सिनेमापेक्षा चढ्या आवाजात असतं.

टायमर लावायचा, पण वीस मिनिटांचा नको. गाडी थांबली की एसटीत झोपलेला माणूस जागा होतो, तसंच इथे घडतं. अपेक्षित आवाज नाहीसा होणं हेही पहिल्या पहारेकऱ्याच्या लेखी नवंच. झोप लागल्यावर गाढ टप्पा यायला साधारण अर्धा तास लागतो. तुम्हाला झोप लागायलाच वीस मिनिटं लागत असतील, तर टायमर तासाभराचा ठेवा. आवाज हळूहळू उतरवत बंद करणारा टायमर असेल तर तो आणखी बरा. महिनोन् महिने रात्री टक्क जागरण होत असेल, तर ते काम सिनेमाचं नाही, डॉक्टरांचं आहे.