एकवचनी ‘दे’ : प्रयोग जुना, आक्षेप नंतरचा

‘समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला’ हे वाक्य इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी सहज येते. छत्री विसरणारी व्यक्ती एकच असली तरी ती पुरुष आहे की स्त्री हे ठाऊक नसल्यामुळे ‘हिज’ किंवा ‘हर’ न म्हणता अनेकवचनी ‘देअर’ वापरले जाते. मराठीत अशा वेळी नपुंसकलिंग मदतीला येते. दारावर थाप पडली की आपण ‘कोणीतरी आलं’ म्हणतो आणि नवरा-बायकोबद्दल बोलताना ‘ती दोघं आली’ म्हणतो. इंग्रजीतले नपुंसकलिंगी ‘इट’ मोठ्या माणसाला लावता येत नाही, त्यामुळे तेथे ही जागा ‘दे’ने भरून काढली.

हा प्रयोग आधुनिक काळातील आहे असा समज आढळतो, पण १४ व्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रजी काव्यात, चॉसरच्याही लेखनात, तो सापडतो. त्याला चूक ठरवले गेले ते बरेच नंतर. १८ व्या शतकाच्या मध्यास न्यूकॅसलच्या अ‍ॅन फिशर यांनी आपल्या व्याकरणात पुल्लिंगी सर्वनामात स्त्री-पुरुष दोघेही येतात असे मांडले. हा नियम सांगणाऱ्या सुरुवातीच्या व्याकरणकारांत एक स्त्री असावी, हे गमतीचेच. पुढे १७९५ मध्ये लिंडली मरे यांनी ‘कॅन एनी वन, ऑन देअर एन्ट्रन्स इन्टू द वर्ल्ड’ अशी सुरुवात असलेले वाक्य चुकीचे म्हणून दिले आणि ‘देअर’च्या जागी ‘हिज’ सुचवले. ‘एनी वन’ एकवचनी असल्याने सर्वनामही एकवचनी हवे, हा त्यांचा तर्क वचनापुरता बरोबर होता. मात्र वचन जुळवताना लिंग जुळेनासे झाले, याकडे त्या दुरुस्तीत लक्ष गेले नाही.

हीच रीत १८५० मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्यात आली : कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत, तसे स्पष्टपणे नाकारलेले नसेल तर, स्त्रियांचाही समावेश मानावा. (भारताच्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमधील कलम १३ त्याच धर्तीचे आहे.) त्या तरतुदीचा कस १८६८ मध्ये लागला. आदल्या वर्षीच्या सुधारणा कायद्याने मताधिकार देताना ‘मॅन’ हा शब्द वापरला होता, म्हणून मँचेस्टरमधील पाच हजारांहून अधिक स्त्रियांनी मतदारयादीत नाव मागितले. ‘चोर्ल्टन विरुद्ध लिंग्ज’ या खटल्यात न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. मताधिकाराच्या बाबतीत त्या शब्दात स्त्रिया येत नाहीत, असा निर्वाळा दिला. कर आणि शिक्षा यांबाबत मात्र पुल्लिंगी शब्द स्त्रियांनाही लागूच राहिले.

बोलण्यातून ‘दे’ कधी गेलेच नव्हते. ‘थॉन’सारखी नवी सर्वनामे १९ व्या शतकात घडवली गेली; ती शब्दकोशापर्यंत पोहोचली, पण बोलीत रुजली नाहीत. १९७० च्या दशकात स्त्रीवादी भाषाभ्यासकांनी सर्वसमावेशक ‘ही’वर बोट ठेवले आणि २०१९ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनसंहितेने एकवचनी ‘दे’ला मान्यता दिली. त्याच संहितेने, स्वतःला स्त्री वा पुरुष न मानणाऱ्या आणि ‘दे’ हे सर्वनाम सांगणाऱ्या परिचित व्यक्तीसाठीही ते वापरावे असे म्हटले. हा दुसरा वापर मात्र खरोखर नवा आहे. क्रियापद तेथेही अनेकवचनीच राहते, ‘दे आर’. एकाच माणसाला उद्देशून ‘यू आर’ म्हणताना राहते, तसेच.