‘गेलो’ कुणाचा? मालवणीचा की प्रमाण मराठीचा?

दोन वर्षांपूर्वी सराव प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न आला होता. ‘पुढीलपैकी बोलीतील शब्द ओळखा: गेलो, माड, केलं, चेडू.’ सोबतच्या उत्तरसूचीत ‘माड’ आणि ‘चेडू’ असं उत्तर छापलेलं. मी कुडाळ तालुक्यात मराठी शिकवते. वर्गातल्या बहुतेकांच्या घरी मालवणी. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, ‘गेलो’ आमचोच ना? माजो बापूस रोज म्हणता, ‘पावस गेलो’.”

तिच्या शेजारची लगेच म्हणाली, “पण पुस्तकात ‘मी गेलो’ असतं की.”

दोघींचंही बरोबर होतं. चूक प्रश्नात होती. ‘गेलो’ हा शब्द नुसता समोर ठेवला तर तो बोलीतला की प्रमाण हे कुणालाही सांगता येणार नाही, अगदी भाषाशास्त्रज्ञालाही नाही. त्याच्या आधी कर्ता काय आहे ते कळल्याशिवाय उत्तरच नाही. ‘मी गेलो’ प्रमाण मराठी आहे, ‘तो गेलो’ मालवणी. अक्षरं तीच, पण मधली गोष्ट पूर्ण वेगळी, आणि ती समजून घेतली तर अशा प्रश्नांतली निम्मी अडचण संपते.

संस्कृतातल्या ‘घोटक’ शब्दापासून प्राकृतात ‘घोडओ’सारखं रूप झालं. पुढे शेवटच्या दोन स्वरांचं काय करायचं, यावर भाषांच्या वाटा फुटल्या. गुजरातीत, कोकणीत आणि आपल्या मालवणीत ‘घोडो’ राहिला. प्रमाण मराठीत आणि हिंदीत ‘घोडा’ झाला. म्हणजे पुल्लिंगाचा शेवट मालवणीत ‘ओ’, प्रमाण मराठीत ‘आ’. हे नामापुरतं थांबत नाही. विशेषणालाही तेच लागू होतं, म्हणून ‘मोठो घोडो’. आणि मराठीतलं भूतकाळी क्रियापद मुळात विशेषणासारखंच चालतं, कर्त्याचं लिंग बघून शेवट बदलतं. म्हणून घोडा ‘गेला’, पण घोडो ‘गेलो’.

मग ‘मी गेलो’मधला ‘ओ’ कुठून आला? तो नुसता लिंगाचा नाही, पुरुषाचाही आहे, म्हणजे बोलणारा ‘मी’ आहे हे सांगणारा प्रत्यय. जुनं छापील पुस्तक कधी हातात आलं तर बघा, तिथे ‘मी गेलों’ असं अनुस्वार देऊन लिहिलेलं दिसेल. ‘करितों’, ‘जातों’ तसंच. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि शासनाने मान्य केलेले लेखननियम 1962 साली आले, त्यांनी उच्चारात नसलेले असे अनुस्वार काढून टाकले. लिहिणाऱ्यांची मोठी सोय झाली. पण त्याच सोयीत, सिंधुदुर्गातल्या मुलांच्या दृष्टीने, एक खूण पुसली गेली. अनुस्वार असलेला ‘गेलों’ मी-चा आणि नसलेला ‘गेलो’ घोड्याचा, हा फरक डोळ्यांना दिसायचा. आता दोन्ही सारखेच दिसतात.

वर्गात मी तीन वाक्यं फळ्यावर लिहिली. मालवणीत: पावस पडलो. भिंत पडली. पान पडला. शेजारी प्रमाण मराठीत: पाऊस पडला. भिंत पडली. पान पडले. मुलांना म्हटलं, नीट बघा, काय सरकलंय?

पहिली गोष्ट मुलांनी स्वतःच पकडली: मधलं वाक्य दोन्हीकडे सारखंच. स्त्रीलिंगाचा ‘ई’ मालवणीतही ‘ई’च. म्हणजे उताऱ्यात बोली शोधायची असेल तर ‘ती गेली’, ‘भिंत पडली’ यांतल्या क्रियापदाकडून काही कळत नाही. खूण सापडते ती पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी वाक्यांत.

दुसरी गोष्ट पकडायला वेळ लागला. तिसऱ्या वाक्यातलं ‘पडला’ बघा. (काही जण शेवटी अनुस्वार देऊन ‘पडलां’ असं लिहितात, पण सगळे नाही.) दिसायला अगदी पुस्तकी रूप, पण पान नपुंसकलिंगी आहे, त्याच्यापुढे प्रमाण मराठीत ‘पडला’ येऊच शकत नाही. ‘काय झाला?’ हा आपला रोजचा प्रश्नही याच जातीचा. ‘झाला’ हा शब्द शब्दकोशात शोधला तर प्रमाण, पण ‘काय झाला?’ हे वाक्य मालवणी. म्हणजे प्रमाण मराठीत जो ‘आ’ पुल्लिंगाचा, तो मालवणीत नपुंसकलिंगाकडे गेलेला आहे, आणि पुल्लिंगाची जागा ‘ओ’ने घेतली आहे.

यातून जी कसोटी निघते ती साधी आहे. संशय आला की शब्द वाक्यातून बाहेर काढायचा नाही. क्रियापद पकडायचं आणि कोण किंवा काय ते विचारून कर्त्यापर्यंत जायचं. ज्याच्या लिंगाबद्दल वाद नाही असा कर्ता असला तर शेवटचा स्वर जुळतो की नाही ते लगेच कळतं. सकर्मक क्रियापद असलं तर कर्त्याऐवजी कर्माकडे बघावं लागतं: ‘त्याने आंबा खाल्ला’मध्ये ‘खाल्ला’ आंब्याशी जुळतं, खाणाऱ्याशी नाही. मालवणी उताऱ्यात तिथे ‘आंबो’ दिसला की पुढच्या क्रियापदात ‘ओ’ येणार हे आधीच ओळखता येतं.

इंग्रजी राजवटीत ग्रिअर्सन यांनी देशातल्या भाषांची पाहणी केली. तिचा मराठीचा सातवा खंड 1905 साली निघाला. त्या पाहणीत बोलीबोलीतून शब्दांची आणि छोट्या वाक्यांची ठरावीक यादी मागवली होती, पण तेवढ्यावर भागवलं नाही. घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या मुलाची एकच गोष्ट ठिकठिकाणी स्थानिक बोलीत लिहून घेतली. गोष्टीत बाप बोलतो, मुलगा बोलतो, निवेदकही बोलतो, त्यामुळे ‘मी’, ‘तू’, ‘तो’ या सगळ्यांची क्रियापदं आपोआप हाती येतात. ‘मी गेलो’ आणि ‘तो गेलो’ यांतला फरक नुसत्या सुट्या शब्दांत सापडत नाही, तो वाक्यात आणि गोष्टीतच सापडतो. आपल्या प्रश्नपत्रिकांनी एवढं तरी घ्यावं असं मला फार वाटतं.

आता उरलेले तीन शब्द.

‘माड’ला बोलीत ढकललं याचं मला खरोखर वाईट वाटलं. माड हा मराठी शब्दकोशांतला शब्द आहे. तो कोकणात जास्त ऐकू येतो कारण माड कोकणात आहेत. घाटावरच्या माणसाने ‘नारळाचं झाड’ म्हटलं म्हणून ‘माड’ बोलीतला ठरत नाही. माडापासून निघते ती ‘माडी’, हे तर सगळा महाराष्ट्र म्हणतो. झावळी, पडवी, आगर, मिठागर हे शब्दही असेच. वस्तू किनाऱ्यावरची, शब्द मात्र सगळ्या मराठीचा. इथे मी मुलांना विचारते: हा शब्द प्रमाण मराठीत लिहायचा झाला तर त्याच्या जागी नेमका दुसरा कोणता येईल? ‘पडवी’च्या जागी काही सुचत नाही, तर ती तशीच राहू द्यावी.

‘केलं’ हे बोलण्यातलं रूप आहे, पण कोण्या प्रदेशाचं नाही. पुण्यातही ‘केलं’, नागपुरातही ‘केलं’. औपचारिक लेखनात ‘केले’, आणि संवादात उच्चाराप्रमाणे अनुस्वार देऊन ‘केलं’ लिहायला लेखननियमांची हरकत नाही. हा लेखही मी त्याच वळणाने लिहिते आहे. पण त्याला एक ‘न’ जोडा: ‘त्याने काम केलंन’. हा ‘न’ रत्नागिरीकडच्या बोलण्यातला आहे, करणारा तिसरा कुणी आहे हे सांगणारा. मालवणीतलं ‘केल्यान’ त्याचंच भावंड. ‘केलं’ खपून जातं, ‘केलंन’ लगेच गाव सांगतं.

‘चेडू’बद्दल वाद नाही, हा सरळ वेगळा शब्द, चेडू म्हणजे मुलगी. तरी तो बदलताना एक खोच आहे. मालवणीत चेडू नपुंसकलिंगी चालतं, ‘चेडू इला’. प्रमाण मराठीत नुसता शब्द बदलून ‘मुलगी आला’ लिहिलं तर अनर्थ. क्रियापदही हलवावं लागतं: मुलगी आली.

शेवटी मुलांना मी पाच छोटी वाक्यं दिली: ‘पावस गेलो. बापूस घराक इलो. मी खळ्यात बसलंय. चेडू इला नि इचारूक लागला, काय झाला?’

पहिलं सगळ्यांनी बरोबर केलं, पाऊस गेला. दुसऱ्यात कुणी ‘बाप घरी आला’ लिहिलं. व्याकरणात चूक नाही, पण ‘बापूस’ या शब्दात अनादर नसतो आणि पुस्तकी ‘बाप’मध्ये तो डोकावतो, म्हणून ‘वडील घरी आले’, आदरार्थी अनेकवचनासह. ‘घराक’चा ‘क’ म्हणजे इथे प्रमाण भाषेतला ‘ई’, ‘माका’त मात्र तोच ‘ला’ होतो. ‘खळां’ म्हणजे मालवणीत घरापुढचं अंगण. प्रमाण मराठीत ‘खळे’ हा शब्द आहे, पण तो धान्य मळण्याच्या जागेसाठी. तिघांनी ‘मी खळ्यात बसलो’ असंच ठेवलं होतं, कारण शब्द ओळखीचा वाटला. शेवटच्या दोन वाक्यांत चेडूबरोबर तिची क्रियापदं बदलली: मुलगी आली आणि विचारू लागली, काय झाले?

ही कसोटी सिंधुदुर्गात चालते, रायगडात नाही. आगरीत ‘ओ’ शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. तिथे कान ‘ड’ आणि ‘ळ’कडे ठेवावे लागतात: गाडीची ‘गारी’, लुगड्याचं ‘लुगरा’, डोळ्याचा ‘डोला’. ‘मला’च्या जागी ‘मना’ ऐकू आलं की मग शंका उरत नाही. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी रेघ मारून इथे ही बोली संपली असं मात्र म्हणता येत नाही. गावागणिक एकेक रूप बदलत जातं.

राहिलं ‘मी खळ्यात बसलंय’. प्रमाण मराठीत ‘मूल बसलंय’ चालतं, ‘मी बसलंय’ नाही, म्हणून हे मालवणी हे सगळ्यांनी ओळखलं. पण बदलून काय लिहायचं? अर्ध्या वर्गाने ‘बसलो’ लिहिलं, अर्ध्याने ‘बसले’. मालवणीत बाईही ‘मी बसलंय’ म्हणते आणि पुरुषही; प्रमाण मराठी मात्र बोलणारा कोण ते सांगायला लावते, आणि उताऱ्यात ते कुठेच सांगितलेलं नव्हतं. मी दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण दिले.